ऑफर घेतली, आता दुसरीकडे कधी आणि काय सांगायचं

फायनल राउंड छान झालेला कँडिडेट अचानक फोन उचलेनासा झाला की त्याने दुसरीकडे सही केलीय हे आम्हा रिक्रूटर लोकांना न सांगता कळतं. मी पुण्यात आयटी हायरिंगमध्ये बरीच वर्षं आहे आणि मला यात राग येण्यासारखं काही वाटत नाही, माणूस नोकरी बदलायला निघालाय म्हणजे तीन-चार ठिकाणी बोलणारच आणि त्यातली एकच घेणार. त्रास होतो तो पुढच्या आठ-दहा दिवसांचा. हो नाही काहीच कळत नाही, मी फोन करत राहते, मॅनेजर मला विचारत राहतो, आणि तोपर्यंत ज्याला आम्ही दोन नंबरवर ठेवलेलं असतं तोही कुठेतरी जॉइन व्हायचं ठरवून मोकळा होतो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीवर हीच वेळ आली, म्हणजे ती टेबलाच्या पलीकडे होती. तिचं सगळं प्रकरण मी जवळून बघितलं आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, कारण राजीनामा कसा द्यायचा हे सगळे सांगतात पण चालू असलेल्या प्रोसेसमधून नीट बाहेर कसं पडायचं हे सहसा कोणी सांगत नाही.

आधी कंपनीच्या आत काय चालतं ते सांगते, कारण ते कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुचतं. फायनल राउंड झाला की पॅनल फीडबॅक टाकतं, मग रिक्रूटर तुमच्याकडून तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, आत्ताचा सीटीसी आणि नोटीस पीरियड मागून घेतो, आणि त्यावरून एक आकडा ठरवून अप्रूव्हलला पाठवतो. ते अप्रूव्हल मॅनेजरच्या वरचा माणूस, एचआर आणि बऱ्याच ठिकाणी फायनान्स असं फिरतं. छोट्या कंपनीत दोन दिवसांत होतं, मोठ्या कंपनीत आठवडा-दहा दिवस सहज जातात, कोणी सुट्टीवर असलं तर आणखी. आणि हे अप्रूव्हल एका माणसाच्या नावाने आणि एका आकड्यावर असतं. तो माणूस गेला की दुसऱ्यासाठी सगळं पहिल्यापासून. दरम्यान दोन नंबरवाल्याला आम्ही "फीडबॅक येतोय" एवढंच सांगत असतो, आणि हे फार दिवस चालत नाही, तोही बाजारात असतो ना.

म्हणजे तुम्ही मागे हटलात याचं नुकसान तसं थोडं असतं, पण उशिरा सांगितलंत तर ते खूप वाढतं. अप्रूव्हलच्या आधी सांगितलं तर मी त्याच दिवशी दुसऱ्या मुलाचा कागद पुढे सरकवू शकते. ऑफर लेटर निघाल्यावर सांगितलं तर ती जागा कधीकधी महिनाभर मागे जाते. नंतर कोणाचं नाव चांगलं आठवतं आणि कोणाचं नाव निघालं की मॅनेजरचं तोंड वाकडं होतं, हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

आता भाचीचं. ती ऑटोमेशन टेस्टिंगमध्ये, पाच वर्षांचा अनुभव, हिंजवडीत नोकरी, साठ दिवसांची नोटीस. एक प्रोसेस खराडीतल्या कंपनीत चालू होती आणि दुसरी बाणेरमधल्या. बाणेरची टीम तिला मनापासून आवडलेली, तिथल्या मॅनेजरने मुलाखतीत तिच्या फ्रेमवर्कबद्दल खूप खोलात जाऊन विचारलेलं आणि शेवटी स्वतःच्या टीमच्या अडचणीही मोकळेपणाने सांगितलेल्या, पण तिथलं सगळं हळू. गुरुवारी संध्याकाळी खराडीचं ऑफर लेटर मेलवर आलं, स्वीकारायची मुदत सोमवारपर्यंत.

इथे तिने एक गोष्ट केली जी मी सगळ्यांना सांगते. सही करायच्या आधी, शुक्रवारी सकाळी, तिने बाणेरच्या रिक्रूटरला फोन करून सरळ विचारलं की माझ्याकडे एक लेखी ऑफर आहे, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, मला तुमच्याकडचं काम जास्त आवडलंय, तर तोपर्यंत तुमच्याकडून काही कळू शकेल का. आकडा सांगितला नाही, कंपनीचं नावही नाही. रिक्रूटरने चौकशी करून दुपारी सांगितलं की अप्रूव्हल पुढच्या आठवड्याच्या शेवटाआधी होणं अवघड आहे. मग तिने खराडीला मुदत वाढवून मागितली, त्यांनी एक दिवस दिला. तेवढ्याने भागणार नव्हतं. घरी बोलून तिने मंगळवारी खराडीची ऑफर स्वीकारली.

हा शुक्रवारचा फोन महत्त्वाचा का, तर त्यामुळे मंगळवारची बातमी बाणेरला धक्का म्हणून आली नाही. आणि पैशांवर किंवा वेळेवर काही बोलायचं असेल तर ते बोलायची जागा हीच, सहीच्या आधीची. सही झाल्यावर "मी अर्ज मागे घेतोय" म्हणायचं आणि मनात आशा ठेवायची की ते आता आकडा वाढवतील, हे समोरच्याला दुसऱ्या वाक्यात कळतं हो. आम्ही दिवसभर हेच ऐकत असतो.

मंगळवारी रात्री तिचा मला फोन. "मावशी, बाणेरला काय सांगू? घरी प्रॉब्लेम आहे, सध्या जॉब चेंज करत नाही असं सांगितलं तर चालेल? त्यांना वाईट नाही वाटणार." मी म्हटलं, असं अजिबात सांगू नकोस. दोन महिन्यांनी तू लिंक्डइनवर नवी कंपनी टाकणार, तुझ्या अभिनंदनाच्या पोस्टखाली शंभर लोक लिहिणार, आणि ती रिक्रूटर तुझ्या कनेक्शनमध्येच आहे. आईचं आजारपण, लग्न, गावी जावं लागतंय, ही कारणं मी इतक्या वेळा ऐकलीत, आणि त्यातली काही खरीही असतात, खोटी कारणं देणाऱ्यांमुळे खऱ्या अडचणीतल्या माणसावरही पटकन विश्वास बसत नाही. दुसरी ऑफर घेतली हे कारण पूर्ण सभ्य आहे. ते लपवायची काही गरज नाही.

मग तिने मनातलं खरं विचारलं, जे जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतं. साठ दिवस नोटीस आहे, या साठ दिवसांत खराडीवाल्यांनी ऑफर काढून घेतली तर? बाणेर चालू ठेवलेलं बरं ना? ही भीती खोटी नाही. ऑफर हातात असून जॉइनिंग महिनोन्‌महिने पुढे ढकलल्याचे प्रकार 2022-23 मध्ये आयटीत आपण सगळ्यांनी बघितलेत, जास्त करून फ्रेशर्सच्या बाबतीत. म्हणून मी तिला म्हटलं की मागे हटायच्या आधी खराडीचं नीट तपासून घे. तोंडी ऑफरवर किंवा "लेटर उद्या पाठवतो" यावर बाणेर सोडायचं नाही. लेटरमध्ये जॉइनिंगची तारीख आहे का, सीटीसीची फोड आहे का, तू स्वीकारल्याची पोच परत आली का, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म आला का. ऑफर जर कुठल्या अटीवर असेल, उदाहरणार्थ आधीच्या एखाद्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, आणि तुझ्याकडे ते नसेल, तर आधी ते मिटव.

हे सगळं झाल्यावर मात्र सोडायचं. आता मी रिक्रूटर म्हणून बोलतेय असं वाटेल पण मला हे मनापासून वाटतं, की लेखी हो म्हटल्यावर दुसरीकडे मुलाखती देत राहणं, त्यांच्या लोकांचे दोन-दोन तास घेणं, त्यांचं अप्रूव्हल फिरवायला लावणं हे बरोबर नाही. आणि सरळ व्यवहार बघितला तरी, समजा खराडीचं खरंच फिसकटलं, तर भाची पहिला फोन कुठे करणार? बाणेरलाच. तिथे तिचं नाव "वेळेत आणि नीट सांगून गेली" असं असलं तर जागा भरलेली नसल्यास तिला परत आत घेणं रिक्रूटरला सोपं जातं, कारण फायनल राउंडचा फीडबॅक आधीच पडलेला असतो. तीन आठवडे लटकवून ठेवून मग गेलेल्याला हा फोन करायची सोयच राहत नाही.

सांगायचा क्रम. तिचा अर्ज बाणेरला तिच्या कॉलेजच्या एका सीनियरने रेफर केलेला, म्हणून सगळ्यात आधी त्याला फोन. हे लोक विसरतात. रेफर करणाऱ्याचं नाव तुमच्या अर्जाला कायमचं चिकटलेलं असतं, त्याचा रेफरल बोनस तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे कँटीनमध्ये मॅनेजर त्याला सांगतो की तुझी ती कँडिडेट गेली आणि त्याला काही माहीतच नसतं. दादाला ती एवढंच म्हणाली, दादा, दुसरीकडे हो म्हटलंय, तुमच्या रिक्रूटरला उद्या सकाळी सांगतेय, पण तुला आधी सांगायचं होतं. तो म्हणाला बरं केलंस, मॅनेजरला मी काही बोलत नाही, तूच सांग.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास रिक्रूटरला फोन, आणि लगेच मेल. फोन आधी का, तर मेल वाचायला दुपार होते आणि तोपर्यंत अप्रूव्हल एक पायरी पुढे गेलेलं असू शकतं. मेल नंतर का, तर फोनवरचं बोलणं रेकॉर्डवर जात नाही. आणि मेल नवीन नाही काढायचा, मुलाखतीच्या तारखा ज्या थ्रेडवर ठरल्या त्याच थ्रेडवर रिप्लाय, म्हणजे पुढे कोणी शोधलं तर सगळं एका जागी सापडतं. मेल अर्थातच इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

"सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे, मी दुसऱ्या कंपनीची ऑफर स्वीकारली आहे आणि सीनियर टेस्ट इंजिनियर या जागेसाठीचा माझा अर्ज मागे घेत आहे. शुक्रवारी माझ्यासाठी तुम्ही आतल्या आत चौकशी केलीत त्याबद्दल मनापासून आभार. शेवटच्या मुलाखतीत टेस्ट सूट छोटी कशी करायची यावर जी चर्चा झाली ती मला फार आवडली, आणि अशा कामासाठी पुढे कधी तुमच्या टीममध्ये जागा निघाली तर मला नक्की बोलायला आवडेल. मॅनेजर सरांनाही हे कळवावं ही विनंती."

एवढंच. नवीन कंपनीचं नाव नाही, पगार नाही, दोन ठिकाणची तुलना नाही, चार वेळा सॉरी नाही. तिच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये "सध्या तरी पुढे जाता येणार नाही असं वाटतंय" असं वाक्य होतं, ते मी काढायला लावलं. असं गुळमुळीत लिहिलं की रिक्रूटरला कळत नाही की ही गेलीय की अजून मन वळवता येईल, मग ती अर्ज होल्डवर टाकते आणि पुढचे दोन आठवडे फोन चालू राहतात. "अर्ज मागे घेत आहे" हे शब्द मेलमध्ये असायलाच हवेत. याला अजून एक कारण आहे. बऱ्याच कंपन्यांत मुलाखतीत नापास झालेल्याला काही महिने, बहुतेक ठिकाणी सहा, परत घेत नाहीत. स्वतःहून मागे हटलेल्याला हा नियम सहसा लावत नाहीत, पण त्यासाठी सिस्टिममध्ये तुमच्यापुढे "कँडिडेटने माघार घेतली" असं पडलं पाहिजे. रिक्रूटरच्या हातात काहीच लेखी नसेल आणि तुम्ही गायब असाल तर ती जे समोर दिसेल ते कारण निवडून फाइल बंद करते, "प्रतिसाद नाही" किंवा नुसतंच "रिजेक्ट". वर्षाने दुसरी रिक्रूटर ते उघडते तेव्हा तिला तेवढंच दिसतं.

पोर्टलवरचं शेवटी करायचं. वर्कडेसारख्या पोर्टलवर तुमच्या अर्जापुढे `Withdraw Application` असा पर्याय असतो, तो फोन आणि मेल झाल्यावर दाबायचा, म्हणजे माणसाच्या आधी सिस्टिमकडून बातमी जात नाही. दाबायच्या आधी बघून घ्या कुठल्या जागेचा अर्ज आहे, कारण एकाच कंपनीत दोन जागांना अर्ज केलेले असतात आणि भलताच मागे घेतला जातो, आणि एकदा मागे घेतला की बहुतेक ठिकाणी त्याच जागेला परत अर्ज करता येत नाही. कॅलेंडरवर एचआर राउंडचं आमंत्रण पडलं असेल तर ते स्वतः डिक्लाइन करा. भाचीचं शुक्रवारचं होतं, तिने लगेच केलं. पॅनलमधल्या माणसाला तो तास परत मिळतो, दिसायला ही फार छोटी गोष्ट आहे पण तो माणूस लक्षात ठेवतो.

आता यातला सगळ्यात अवघड भाग, दुपारचा फोन. माघारीचा मेल गेला की चांगल्या कँडिडेटला कंपनीतून फोन येतोच. तिला तीन वाजता आला, रिक्रूटर आणि मॅनेजर दोघं लाइनवर. किती देतायत तिकडे? आपण बघू ना, अप्रूव्हल मी उद्या करून घेतो. आवडलेली टीम, तोच मॅनेजर, स्वतः फोन करतोय, कोणीही विरघळेल. आम्ही आदल्या रात्रीच यावर बोललो होतो म्हणून तिच्याकडे वाक्य तयार होतं. ती म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः फोन केलात हे माझ्यासाठी खूप आहे. पण मी तिकडे लेखी हो म्हटलंय, आता आकड्यावर बोलले तर ते त्यांच्याशी बरोबर होणार नाही, आणि उद्या तुमच्याकडे सही करून मी असं वागले तर तुम्हालाही नाही चालणार." पलीकडे जरा वेळ शांतता, मग मॅनेजर म्हणाला ठीक आहे, पटलं.

तिने आकडा सांगितला नाही याचं मला विशेष बरं वाटलं. एकदा आकडा सांगितला की बोलणं सुरू होतं, आणि सुरू झालेलं बोलणं अर्ध्यावर तोडणं हे आधीच न बोलण्यापेक्षा कडू लागतं. आणि समजा बोलणं पुढे जाऊन ती तिकडे वळली असती, तर खराडीला स्वीकारलेली ऑफर मोडल्याचा मेल गेला असता. अर्ज मागे घेण्यापेक्षा ते कितीतरी जड प्रकरण आहे, कारण तोवर त्यांनी इतरांना नाही सांगून जागा बंद केलेली असते. काही कंपन्या असं नाव पुढे विचारातच घेत नाहीत.

कन्सल्टन्सीतून अर्ज गेला असेल तर थोडं वेगळं पडतं. तिथे कन्सल्टंटलाच सांगायचं, पण कंपनीच्या रिक्रूटरचा मेल आयडी थ्रेडवर असेल तर त्यांना सीसीमध्ये ठेवायचं, कारण कन्सल्टंटची फी तुमच्या जॉइनिंगवर असते आणि मन वळवता येईल या आशेने काही जण निरोप लगेच पुढे देत नाहीत. शिवाय अर्ज मागे घेतला तरी तुमचं प्रोफाइल काही काळ, करारात लिहिलं असेल तेवढा, सहा महिने किंवा वर्ष, त्या कन्सल्टन्सीच्या नावावरच राहतं. त्या मुदतीत तुम्ही त्याच कंपनीत थेट अर्ज केलात तर तो अडकतो आणि का अडकला हे तुम्हाला कोणी सांगत नाही. म्हणून निघतानाच विचारून ठेवा की माझं प्रोफाइल तुमच्याकडे कधीपर्यंत आहे.

आणि "पुढे कधी" चं काय? मी एवढ्या वर्षांत जे बघितलंय त्यावरून सांगते, कंपनीला अशी आठवण नसते. आठवण असते ती रिक्रूटर आणि मॅनेजर या दोन माणसांना, आणि सिस्टिममध्ये एक नोंद असते. माणसं दोन वर्षांत बदलतात, नोंद राहते पण ती कोणीतरी उघडावी लागते. भाचीचा तो मॅनेजर सात-आठ महिन्यांनी बाणेर सोडून मगरपट्ट्यात एका कंपनीत गेला आणि तिथून त्याने तिला मेसेज केला की टीम बांधतोय, बोलूया का. ती तेव्हा खराडीत रमली होती, तिने तसं कळवलं आणि तिच्या ओळखीतल्या एका मुलीचं नाव दिलं. म्हणून मेलमध्ये जी व्यक्ती तुमच्याशी नीट बोलली तिचं काम नेमकं काय आवडलं ते लिहायचं, "संपर्कात राहूया" हे काय सगळेच लिहितात. नंतर दर महिन्याला गुड मॉर्निंग पाठवायची गरज नाही, लिंक्डइनवर कनेक्शन असलं की भागतं.

परत जायची खरंच वेळ आली तर नवीन अर्ज टाकून गप्प बसू नका. तो जुना थ्रेड शोधायचा आणि त्यावरच रिप्लाय करायचा, की अमुक महिन्यात फायनल राउंडनंतर मी अर्ज मागे घेतला होता, आता अमुक कारणाने परत बघतेय, पोर्टलवर या नंबरच्या जागेला आज अर्ज केलाय. मेल बाउन्स झाला तर ती रिक्रूटर तिथून गेलीय हे कळतं, मग लिंक्डइनवर मॅनेजर किंवा रेफर करणारा दादा. नवीन जॉइनिंगला दोनच महिने झाले असतील तर तेही त्याच मेलमध्ये सांगून टाकायचं, कारण यूएएनवर तुमच्या पीएफच्या नोंदी दिसतात आणि व्हेरिफिकेशनमध्ये ते निघतंच. थ्रेडवर तुमचा जुना माघारीचा मेल खाली तसाच असतो, समोरची नवी रिक्रूटर स्क्रोल करून तो वाचते आणि पहिल्या राउंडपासून सुरू करायचं की थेट मॅनेजरशी बोलणं लावायचं ते ठरवते.